विश्लेषण : रोखे बाजाराचा ‘उलटा वक्र’ खरेच मंदीची वर्दी देतो का?

जुलै २०२२ च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेच्या रोखे बाजारात एक विचित्र स्थिती निर्माण झाली. सरकारला दोन वर्षांसाठी कर्ज देणाऱ्याला दहा वर्षांसाठी कर्ज देणाऱ्यापेक्षा जास्त व्याज मिळू लागले. ही स्थिती थोडीथोडकी नव्हे, तब्बल २६ महिने टिकली. नोंदींमध्ये एवढा दीर्घ ‘उलटा वक्र’ आजवर दिसलेला नाही. त्यापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ जेव्हा जेव्हा मंदी आली, तेव्हा तेव्हा आधी हा वक्र उलटा झालेला होता. त्यामुळे या वेळी मंदी अटळ असल्याचे भाकीत जगभर केले गेले. प्रत्यक्षात ती आली नाही. मग हा इशारा खोटा होता की तो वाचण्यात चूक झाली?

यील्ड कर्व्ह म्हणजे काय?

सरकार वेगवेगळ्या मुदतीचे रोखे विकून कर्ज उभारते. तीन महिन्यांपासून तीस वर्षांपर्यंत. हे रोखे बाजारात रोज विकले आणि विकत घेतले जातात. रोख्यावर मिळणारे व्याज ठरलेले असते, पण त्याची किंमत बदलते. शंभर रुपयांचा रोखा ९६ रुपयांत मिळाला, तर तेच व्याज कमी गुंतवणुकीवर मिळते, म्हणजे परतावा वाढतो. किंमत चढली की परतावा उतरतो. या परताव्यालाच बाजारात ‘यील्ड’ म्हणतात.

एका ठरावीक दिवशी सर्व मुदतींच्या रोख्यांचा परतावा आलेखावर मांडला आणि ते बिंदू जोडले की तयार होणारी रेषा म्हणजे यील्ड कर्व्ह. आडव्या अक्षावर मुदत, उभ्या अक्षावर परतावा. साधारणपणे ही रेषा डावीकडून उजवीकडे चढत जाते, कारण पैसा जास्त काळ अडकवणारा जास्त मोबदला मागतो. हा झाला सरळ वक्र. कधी सगळ्या मुदतींचा परतावा जवळपास सारखा होतो, तेव्हा वक्र सपाट होतो. कधी मधल्या मुदतीचा परतावा सर्वात जास्त असतो, तेव्हा त्याला उंटाच्या पाठीसारखा उंचवटा येतो. आणि अल्प मुदतीचा परतावा दीर्घ मुदतीपेक्षा वर गेला की वक्र उलटा होतो.

वक्र उलटा झाला की नाही हे पाहण्यासाठी पूर्ण आलेख लागत नाही. दहा वर्षांच्या परताव्यातून दोन वर्षांचा किंवा तीन महिन्यांचा परतावा वजा करायचा. उत्तर शून्याखाली आले की वक्र उलटा.

दीर्घ मुदतीसाठी कमी व्याज कोणी का स्वीकारेल?

याचे उत्तर एका छोट्या गणितात आहे. समजा एक वर्षाच्या रोख्यावर पाच टक्के आणि दोन वर्षांच्या रोख्यावर चार टक्के परतावा मिळतो आहे. वरवर पाहता एक वर्षाचा रोखा घेणे शहाणपणाचे. पण वर्षभराने तो पैसा परत हाती येईल आणि पुन्हा गुंतवावा लागेल. तेव्हाचा दर काय असेल?

तो तीन टक्के असेल असे मानू. मग १०० डॉलरचे पहिल्या वर्षी १०५ आणि दुसऱ्या वर्षी १०८.१५ डॉलर होतील. दुसरीकडे चार टक्क्यांनी दोन वर्षे ठेवलेल्या १०० डॉलरचे १०८.१६ डॉलर होतात. म्हणजे दोन्ही मार्ग सारखेच. वर्षभराने दर तीन टक्क्यांच्याही खाली जाईल असे ज्याला वाटते, तो आज चार टक्क्यांवर समाधानाने दोन वर्षांचा रोखा घेईल.

थोडक्यात, दीर्घ मुदतीच्या परताव्यात पुढच्या काळातील अल्प मुदतीच्या दरांचा अंदाज दडलेला असतो. त्यात पैसा अडकवण्याच्या जोखमीचा थोडा मोबदला मिसळलेला असतो. अल्प मुदतीची बाजू मात्र प्रामुख्याने मध्यवर्ती बँकेच्या हातात असते. तिने दर वाढवले की वक्राचे डावे टोक वर उचलले जाते. उजवे टोक तेवढे वर गेले नाही, तर त्याचा अर्थ एवढाच की आजचे चढे दर फार काळ टिकणार नाहीत असे बाजाराला वाटते. उलटा वक्र मुळात ‘मंदी येणार’ असे म्हणत नाही. तो ‘व्याजदर उतरणार’ असे म्हणतो.

मग त्याचा मंदीशी संबंध कसा जोडला गेला?

हे नाते पुढे आणण्याचे श्रेय कॅम्पबेल हार्वे यांना दिले जाते. १९८६ मध्ये शिकागो विद्यापीठातील आपल्या प्रबंधात त्यांनी दीर्घ आणि अल्प मुदतीच्या परताव्यातील फरक आणि पुढील काळातील आर्थिक वाढ यांचा संबंध दाखवला. पुढे १९९० च्या दशकात आर्तुरो एस्त्रेला आणि फ्रेडरिक मिश्किन या अर्थतज्ज्ञांनी या फरकावरून मंदीची शक्यता टक्क्यांत मांडण्याची पद्धत रूढ केली. न्यूयॉर्कची फेडरल रिझर्व्ह बँक दहा वर्षे आणि तीन महिने यांच्या परताव्यातील फरकावरून असा आकडा आजही दरमहा प्रसिद्ध करते.

या निर्देशकाचा पूर्वेतिहास दबदबा निर्माण करणारा आहे. १९६९ पासून २०२० पर्यंत अमेरिकेत आठ वेळा मंदी आली आणि आठही वेळा त्याआधी वक्र उलटा झाला होता. यामागचे तर्कशास्त्रही समजण्यासारखे आहे. महागाई रोखण्यासाठी मध्यवर्ती बँक दर वाढवते. कर्जे महागतात, घरांची आणि गाड्यांची विक्री मंदावते, कारखाने विस्तार लांबणीवर टाकतात. शेवटी नोकऱ्या जातात आणि मध्यवर्ती बँकेला दर झपाट्याने कमी करावे लागतात. ही साखळी बाजार आधीच ओळखतो आणि दीर्घ मुदतीचे रोखे घेऊन ठेवतो.

पण दोन गोष्टी विसरल्या जातात. एक, आठ हा आकडा फार लहान आहे. मोजक्याच घटनांवरून काढलेला नियम अटळ मानता येत नाही. १९६६ मध्ये वक्र उलटा झाला होता, अर्थव्यवस्था मंदावलीही होती, पण मंदी आली नाही. दुसरी गोष्ट म्हणजे इशारा आणि मंदी यांच्यातील अंतर ठरलेले नसते. २००६ च्या उन्हाळ्यात तीन महिने आणि दहा वर्षांचा वक्र उलटा झाला, मंदी मात्र डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाली. २०१९ मध्येही तो उलटा झाला आणि फेब्रुवारी २०२० नंतर मंदी आली. पण ती करोनाची होती. रोखे बाजाराला विषाणूची चाहूल आधीच लागली होती, असे कोणी म्हणणार नाही.

२०२२ ते २०२४ या काळात नेमके काय घडले?

जून २०२२ मध्ये अमेरिकेतील महागाई ९.१ टक्क्यांवर गेली. फेडरल रिझर्व्हने मार्च २०२२ पासून दरवाढ सुरू केली होती. जवळपास शून्यावर असलेला धोरणात्मक दर अकरा टप्प्यांत वाढवत जुलै २०२३ मध्ये ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला गेला. चार दशकांतील ही सर्वात वेगवान दरवाढ होती. डावे टोक झपाट्याने वर गेले. उजवे टोक त्यामानाने जागेवरच राहिले.

३ जुलै २०२३ रोजी दोन वर्षांच्या रोख्याचा परतावा ४.९४ टक्के आणि दहा वर्षांच्या रोख्याचा ३.८६ टक्के होता. फरक उणे १.०८. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीनंतर वक्र एवढा खोलवर उलटा झाला नव्हता. त्याच वर्षी न्यूयॉर्क फेडच्या गणितानुसार पुढील बारा महिन्यांत मंदी येण्याची शक्यता सुमारे ७० टक्क्यांवर गेली.

त्यानंतरचे चित्र वेगळेच निघाले. अमेरिकेची अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत पावणेतीन टक्क्यांहून अधिक वेगाने वाढली. बेरोजगारी ३.४ टक्क्यांवरून जुलै २०२४ मध्ये ४.३ टक्क्यांपर्यंत वाढली, पण नोकरकपातीची लाट आली नाही. महागाई वर्षभरात, म्हणजे जून २०२३ पर्यंत, ३ टक्क्यांवर उतरली. सप्टेंबर २०२४ मध्ये फेडने पहिली अर्धा टक्का दरकपात केली आणि वर्षअखेरपर्यंत दर एकूण एक टक्क्याने खाली आला.

म्हणजे वक्राने जे सांगितले होते ते घडलेच. व्याजदर उतरले, जरी बाजाराच्या अंदाजापेक्षा बरेच उशिरा. पण ते अर्थव्यवस्था कोसळल्याने नव्हे, तर महागाई निवळल्याने उतरले. पूर्वी दरकपात आणि मंदी या जोडीने येत असत. या वेळी जोडी फुटली.

दरवाढीचा फटका एवढा कमी का बसला?

पहिले कारण घरकर्जांचे. अमेरिकेत बहुतेक घरकर्जे तीस वर्षांच्या स्थिर दराची असतात. २०२०-२१ मध्ये हे दर तीन टक्क्यांच्या आसपास असताना लाखो कुटुंबांनी जुनी कर्जे फेडून नवी घेतली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नव्या घरकर्जाचा दर पावणेआठ टक्क्यांवर गेला, पण आधीच कर्ज घेतलेल्याच्या हप्त्यात एका डॉलरचाही फरक पडला नाही. भारतात बहुतेकांचे गृहकर्ज बदलत्या दराचे असते, रेपो दर वाढला की हप्ता किंवा मुदत वाढते. तिथे तसे झाले नाही. मोठ्या कंपन्यांनीही स्वस्ताईच्या काळातच दीर्घ मुदतीची कर्जे उचलून ठेवली होती.

दुसरे कारण सरकारी खर्चाचे. करोनाकाळातील मदतीमुळे कुटुंबांकडे शिल्लक होती आणि नंतरही सरकार तुटीचा अर्थसंकल्प राबवत राहिले. फेड एका हाताने पैसा आवळत असताना सरकार दुसऱ्या हाताने तो सोडत होते.

तिसरे कारण खुद्द वक्राविषयीचे आहे. करोनानंतर फेडकडे जवळपास नऊ लाख कोटी डॉलरची मालमत्ता जमली होती आणि त्यात दीर्घ मुदतीच्या रोख्यांचा मोठा वाटा होता. एवढा मोठा खरेदीदार बाजारात असला की त्या रोख्यांची किंमत चढी आणि परतावा दबलेला राहतो. त्यामुळे उजवे टोक कृत्रिमरीत्या खाली राहते आणि वक्र उलटा व्हायला थोडीशी दरवाढही पुरते. ही शंका २००६ मध्येही उपस्थित झाली होती. तेव्हाचे फेडचे अध्यक्ष बेन बर्नान्की यांनी सपाट वक्रावरून मोठी मंदगती गृहीत धरू नये असे म्हटले होते आणि पुढच्याच वर्षी मंदी सुरू झाली. म्हणून ‘या वेळी परिस्थिती वेगळी आहे’ हे वाक्य जपूनच घ्यावे लागते. तरीही २०२३ च्या सुरुवातीला हार्वे यांनी स्वतःच आपला निर्देशक या वेळी चुकीचा इशारा देत असण्याची शक्यता बोलून दाखवली होती.

मग उलटा वक्र निरुपद्रवी होता का?

नाही. बँकेचा धंदा वक्राच्या चढावर चालतो. ती ठेवीदारांकडून अल्प मुदतीने पैसा घेते आणि दीर्घ मुदतीने कर्जाऊ देते, दोन्हींतील फरक हा तिचा नफा. वक्र उलटला की हा फरक आटतो.

सिलिकॉन व्हॅली बँकेचे उदाहरण याचे टोक दाखवते. ठेवींचा पूर आलेला असताना या बँकेने २०२०-२१ मध्ये दीड-दोन टक्के परतावा देणारे दीर्घ मुदतीचे रोखे घेतले. दर वाढताच त्यांची बाजारातील किंमत पडली. त्याच वेळी ठेवीदारांना सरकारी रोख्यांत जवळपास पाच टक्के मिळत होते, त्यामुळे ठेवी बाहेर जाऊ लागल्या. ८ मार्च २०२३ रोजी बँकेने २१ अब्ज डॉलरचे रोखे विकून १.८ अब्ज डॉलरचा तोटा जाहीर केला. दुसऱ्या दिवशी एकाच दिवसात ४२ अब्ज डॉलर काढून घेण्यासाठी ठेवीदारांची झुंबड उडाली आणि १० मार्चला बँकेला टाळे लागले. देश मंदीत गेला नाही, पण वक्राचे उजवे टोक स्थिर राहील आणि डावेही जागचे हलणार नाही असे समजून चाललेली बँक बुडाली.

नुकसान आणखी एका गटाचे झाले. मंदी येणार म्हणून जुलै २०२२ मध्ये शेअर विकून बाहेर पडलेल्यांचे. तेव्हा ‘एस अँड पी ५००’ निर्देशांक ३,८०० च्या आसपास होता. सप्टेंबर २०२४ मध्ये वक्र सरळ झाला तेव्हा तो ५,४०० च्या घरात होता.

वक्र सरळ झाला म्हणजे धोका टळला?

येथे बहुतेकांची गल्लत होते. २००१, २००७ आणि २०२० या तिन्ही वेळी मंदी सुरू झाली तेव्हा दोन आणि दहा वर्षांचा वक्र उलटा नव्हता, तो काही महिने आधीच सरळ झालेला होता. कारण उघड आहे. अर्थव्यवस्था डळमळताच मध्यवर्ती बँक दर झपाट्याने कापते, डावे टोक खाली येते आणि वक्र पुन्हा सरळ दिसू लागतो. त्यामुळे वक्र सरळ झाला एवढे पाहून भागत नाही, तो कोणत्या टोकाने सरळ झाला ते पाहावे लागते.

सप्टेंबर २०२४ नंतर अमेरिकेत जे झाले ते याहून निराळे होते. फेडने दर एक टक्क्याने कमी केला, पण दहा वर्षांचा परतावा उतरण्याऐवजी सुमारे ३.६५ वरून वर्षअखेरीस ४.५८ टक्क्यांवर गेला. म्हणजे उजवे टोक वर उचलले गेले. हे मंदीच्या भीतीचे लक्षण नाही. महागाई पुन्हा डोके वर काढेल, सरकारची कर्जउभारणी वाढत राहील, म्हणून दीर्घ मुदतीसाठी जास्त मोबदला हवा, असे गुंतवणूकदारांचे म्हणणे त्यातून दिसले. आकार तोच, पण अर्थ वेगळा.

भारतात हा निर्देशक लागू पडतो का?

फारसा नाही, आणि २०१३ मधील घटना त्याचे कारण स्पष्ट करते. त्या वर्षी मे महिन्यात फेडने रोखेखरेदी आवरती घेण्याचे संकेत दिले आणि परदेशी पैसा भारतातून बाहेर पडू लागला. रुपया घसरू लागला. तो सावरण्यासाठी १५ जुलै २०१३ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना तातडीने पैसा देण्याचा दर, म्हणजे एमएसएफ, ८.२५ वरून थेट १०.२५ टक्के केला. अल्प मुदतीच्या ट्रेझरी बिलांचा परतावा ११ टक्क्यांवर गेला, तर दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा आठ-नऊ टक्क्यांच्या आसपास होता. वक्र ठळकपणे उलटा झाला. पण तो मंदीचा अंदाज नव्हता, चलन वाचवण्याची धडपड होती. सप्टेंबरपासून हा दर उतरवला गेला आणि वक्रही सावरत गेला. मंदी आली नाही.

शिवाय आपल्याकडे बँका, विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधी यांना सरकारी रोखे नियमानुसार घ्यावेच लागतात. त्यामुळे दीर्घ मुदतीच्या परताव्यात बाजाराचे मत जेवढे असते, तेवढीच नियमांची सक्तीही असते. अमेरिकेचा ठोकताळा जसाच्या तसा इथे लावता येत नाही, तो यासाठी.

सर्वसामान्य ठेवीदाराने यातून काय घ्यावे?

वक्र कसा दिसतो हे बँकेतल्या मुदत ठेवींच्या दरफलकावरही कळते. फेब्रुवारी २०२३ मध्ये स्टेट बँकेने ४०० दिवसांच्या ‘अमृत कलश’ ठेवीवर ७.१० टक्के देऊ केले, तेव्हा पाच ते दहा वर्षांच्या ठेवीवर ६.५० टक्केच मिळत होते. हा मधे उंचवटा असलेला वक्रच. बँक ग्राहकाला सांगत होती की आज पैसा हवा आहे, म्हणून थोड्या काळासाठी चांगला दर देऊ, पण तोच दर दहा वर्षे देण्याची हमी देणार नाही.

अशा वेळी सर्वात मोठ्या आकड्यामागे जाणे स्वाभाविक असते. पण प्रश्न असतो मुदत संपल्यावरचा. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आणला आणि ठेवींचे दरही खाली आले. त्यानंतर ज्यांची अल्प मुदतीची ठेव नूतनीकरणाला आली, त्यांना आधीचा दर मिळाला नाही. पाच वर्षांसाठी ६.५० टक्के बांधून घेतलेल्यांचे व्याज मात्र तसेच सुरू राहिले. सुरुवातीचे काही महिने त्यांनी कमी कमावले, हेही खरे. व्याजावर घर चालवणाऱ्या निवृत्तांसाठी म्हणूनच सगळी रक्कम एकाच मुदतीत न ठेवता एक, तीन आणि पाच वर्षांत विभागणे सोयीचे ठरते. एका वेळी सगळे पैसे पडलेल्या दराच्या तोंडी जात नाहीत.

उलट्या वक्राची बातमी पुढच्या वेळी येईल तेव्हा तीन गोष्टी विचाराव्यात. कोणत्या दोन मुदतींची तुलना केली आहे? वक्र उलटला तो डावे टोक वर गेल्याने की उजवे खाली आल्याने? आणि दर उतरतील असे बाजार म्हणतो, ते महागाई निवळेल म्हणून की कामधंदा बसेल म्हणून? वक्र यातील पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देतो. तिसऱ्याचे उत्तर रोजगार, कर्जवाटप आणि महागाईच्या आकड्यांत शोधावे लागते.